मिस्ट्री शॉपिंगची पहिलीच भेट : मी ८७ दिले, फॉर्म परत आला. माझं कुठं चुकलं?

गोदाकाठ (नांदेड)

नमस्कार मंडळी. यंदा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालो, लेखा विभागात होतो. घरात बसून बसून बायकोच्या स्वयंपाकात खोड्या काढायला लागलो म्हणून मुलीनं एका एजन्सीत माझं नाव नोंदवलं. गिऱ्हाईक बनून दुकानात जायचं, कुणाला कळू द्यायचं नाही, आणि रात्री फॉर्म भरायचा. म्हटलं जमेल, आयुष्यभर फॉर्मच भरले.

पहिली भेट गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मोठ्या दुकानाची. नाव सांगत नाही, करारात तसं आहे. शनिवार संध्याकाळ, एप्रिलची तल्खली. मला कूलरची चौकशी करायची होती आणि बिल तपासायला ५०० रुपयांच्या आतली एखादी वस्तू घ्यायची होती. फॉर्म १०० गुणांचा. स्वागत २०, उत्पादनाची माहिती ३०, बिलिंग ३०, सौजन्य २०. सोळा प्रश्न, सगळे हो किंवा नाही.

घडलं ते असं. दारातल्या गार्डनं दार उघडून "या साहेब" म्हटलं. आत गर्दी होती. कूलरपाशी उभा राहिलो, बराच वेळ कुणी फिरकलं नाही. मग एक पोरगा आला, "नमस्कार काका, कूलर बघता का" म्हणाला. त्याच्या गळ्यात नावाचं कार्ड होतं पण उलटं झालेलं. खोली केवढी, इन्व्हर्टरवर चालवायचा का, हे विचारलं. दोन कूलर दाखवले, एक गवताच्या ताट्यांचा, एक हनीकोंबचा. फरक इतका नीट सांगितला की मी फॉर्म विसरून ऐकत बसलो. म्हणाला, "काका, बोअरचं पाणी असेल तर हनीकोंबवर पांढरा थर धरतो, महिन्याला धुवावं लागंल. गवत स्वस्त, पण दरवर्षी बदला." वर हेही सांगितलं की जूनला पाऊस लागला की कोणताही कूलर चिकचिकच करणार. वॉरंटी दोन वर्षं म्हणाला. ऑफरचं काही बोलला नाही.

मग एक एक्स्टेन्शन बोर्ड घेतला. फळीवर ३४९ लिहिलं होतं. यूपीआयनं पैसे दिले, बिल बघतो तर ३९९. काउंटरवरच्या मुलीला सांगितलं. तिनं फळीवरचं लेबल बघून यायला एकाला पाठवलं, "सॉरी काका, रेट बदलायचा राहिला" म्हणाली आणि गल्ल्यातून ५० ची नोट काढून दिली. निघताना "या काका परत" म्हणाली. दुसरं काय पाहिजे?

मी स्वागतात १२ दिले (वेळेवर मदत आणि नावाचं कार्ड, एवढ्याचे कापले), माहितीत २५ (ऑफरचे ५ कापले), बिलिंगला पूर्ण ३० आणि सौजन्याला पूर्ण २०. एकूण ८७. दुसऱ्या दिवशी एजन्सीच्या तपासणी विभागाकडून फॉर्म परत. शेरा : "निरीक्षण आणि गुण जुळत नाहीत. सहा प्रश्न पुन्हा पाहा." कोणते सहा ते सांगत नाहीत. लेखा विभागात असताना मीही असेच शेरे मारायचो, त्याची फेड चाललीय बहुतेक.

धडपड्या_परभणी

काका, टेन्शन घेऊ नका, मी ॲपवरून अशा तीसेक भेटी केल्यात. तुमचं फक्त एक चुकलं. ऑफर नव्हतीच तर ते "लागू नाही" टाकायचं. बाकी सगळं बरोबर आहे. गार्डनं स्वागत केलं म्हणजे स्वागत झालं. बिलाचंही बरोबर दिलंय, कारण एक तर पैसे परत मिळाले आणि दुसरं म्हणजे एमआरपीच्या आत असेल तर चूक धरतच नाहीत. बोर्डावर एमआरपी काय होती?

आणि एक आतली गोष्ट. सगळीकडं ८० ते ८५ च्या मधे ठेवायचं. फॉर्म परत येत नाही.

गोदाकाठ

एमआरपी ४९९. म्हणजे ३४९ काय आणि ३९९ काय, दोन्ही आतच.

सुनंदा_जालना

माझ्यासोबत पण असंच झालं!! जालन्याच्या एका दुकानात साड्या घेतल्या, पिशवीचे १२ रुपये बिलात लावले आणि आधी सांगितलंसुद्धा नाही. पिशवीवर त्यांच्याच दुकानाची जाहिरात. तक्रार कुठं करायची? आणि मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिलच होत नाही म्हणाले.

ताळेबंद (छ. संभाजीनगर)

गोदाकाठ काका, मी अकरा वर्षं हेच केलं. आधी भेटी, मग तपासणीला बसले. म्हणजे फॉर्म परत पाठवणारी मीच, असं समजा. सावकाश लिहिते, चहा घेऊन बसा.

सुनंदाताई, आधी तुमचं उरकते. धाग्याचा विषय वेगळा आहे, पण राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बिल हाताशी ठेवून फोन करा. आधी न सांगता काउंटरवर पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २०२० मध्ये म्हटलंय. आणि मोबाइल नंबरसाठी अडून बसू नका, असं केंद्राच्या ग्राहक विभागानं २०२३ च्या मे महिन्यात दुकानांना कळवलंय.

आता काका. ज्या बिलाला तुम्ही ३० पैकी ३० दिले, तिथंच सगळ्यात मोठी चूक आहे, आणि ती का झाली तेही दिसतंय. मुलगी गोड बोलली, चूक कबूल केली, पैसे दिले, म्हणून तुमच्या मनात बिल "ठीक" झालं. पण प्रश्न काय होता? माझ्या अंदाजानं "बिलातला दर फळीवरच्या दराशी जुळला का" असाच असणार. नाही जुळला. उत्तर "नाही". तुम्ही बोलला नसता तर ५० रुपये गेलेच असते ना? पुढच्या गिऱ्हाइकाचे जाणारच आहेत. तिनं शांतपणे ऐकून घेतलं त्याचा प्रश्न सौजन्यात वेगळा असतो, तिथं तिला पूर्ण गुण द्या. एकाच गोष्टीचं बक्षीस दोन खात्यांत टाकायचं नाही. हे तुम्हाला मी सांगावं का, तुम्ही तर लेखाचे.

धडपड्या, एमआरपीचं तुझं अर्धं खरं आहे. एमआरपीपेक्षा जास्त घेतलं तर तो कायद्याचा भंग, तो वेगळा मामला. इथं प्रश्न कायद्याचा नाहीच. दुकानानं स्वतः ३४९ लिहिलं आणि ३९९ घेतले, एवढंच बघायचंय.

पण काका, "नाही" लिहिण्याआधी एक खात्री करा. लेबलचा फोटो काढला होता का? आणि ते लेबल त्याच बोर्डाचं होतं का? चार खाचांच्या बोर्डाखाली सहा खाचांच्या बोर्डाचं लेबल सरकून आलेलं मी शंभरदा पाहिलंय. लोक फळीवरून वस्तू उचलतात, परत दुसरीकडं ठेवतात. तसं असेल तर बिल बरोबर, मांडणी चूक.

गोदाकाठ

लेबलचा फोटो आहे. खोक्याचाही आहे. मुलीनं सांगितलं होतं की सगळ्याचे फोटो काढा, म्हणून काढले. आता दोन्ही मोठे करून बघितले. लेबलवर बारकोडखाली जे आकडे आहेत त्यांचे शेवटचे चार खोक्यावरच्या शेवटच्या चारशी जुळतात. लेबलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीखही आहे, फेब्रुवारीतली.

ताळेबंद

झालं तर. फेब्रुवारीत छापलेलं लेबल, नंतर कधीतरी वरून दर वाढला, बिलाच्या मशीनमध्ये ३९९ आपोआप आला आणि फळीवरचा कागद बदलायला कुणाला वेळ झाला नाही. बहुतेक वेळा हेच असतं. मुलीनं मशीनवर आकडे बदलून तुम्हाला फसवलं वगैरे काही नाही. दर बदलला की लेबलं छापायची यादी सकाळी निघते, आणि सकाळी माणसं कमी असतात.

ती ५० ची नोट मात्र मला खटकली. नवीन बिल दिलं का?

गोदाकाठ

नाही. जुनं ३९९ चंच बिल माझ्याकडं आहे. बँकेचा मेसेजही ३९९ चा.

लातूरकर_काउंटर

मी लातूरला एका चेनच्या दुकानात फ्लोअर मॅनेजर आहे. तुमच्या धाग्यानं जेवण गोड लागंना, म्हणून लिहितो.

ती ५० ची नोट कुणाची होती माहितीय? मशीनला वाटतंय ३९९ यूपीआयनं आले, हिशोब बंद. गल्ल्यातून ५० रोख गेले त्याची नोंदच नाही. रात्री गल्ला मोजताना ५० कमी. आमच्याकडं कमी आले की काउंटरवाल्यानं भरायचे. म्हणजे त्या पोरीनं दर बदलायच्या चुकीचे पैसे खिशातून भरले. बरोबर पद्धत म्हणजे ते बिल रद्द करून नवीन करायचं. पण त्याला मॅनेजरची मंजुरी लागते, आणि शनिवारी सात वाजता मॅनेजर टीव्हीच्या डिलिव्हरीवर भांडत असतो. मीच असतो तो.

आता माझं गाऱ्हाणं. तुमच्यासारखे काका महिन्यातून एकदा येतात, तेही नेमकं शनिवारी संध्याकाळी, आणि त्या एका भेटीवर आमच्या सगळ्या पोरांचा इन्सेंटिव्ह ठरतो. आमच्याकडं ७० ची रेघ आहे. ६९ आले की गेला. महिनाभर माणसं राबतात आणि एक कार्ड उलटं होतं म्हणून तीन गुण जातात. कार्डाच्या दोरीला पीळ पडतो हो, त्याला पोरगा काय करणार?

बीडचा_पाव्हणा

दोन्ही बाजूंनी छापा की कार्ड. पुढचा प्रश्न.

लातूरकर_काउंटर

पाव्हण्या, हे तुला जमलं, हेड ऑफिसला चार वर्षं जमलं नाही.

धडपड्या_परभणी

मग वॉरंटीचं काय? पोरगा दोन वर्षं म्हणाला. काकांनी हो दिलं. ते तर बरोबर ना?

गोदाकाठ

कूलरच्या खोक्याचा फोटो आत्ता नीट वाचला. कूलरवर १ वर्ष, मोटरवर २ वर्षं. म्हणजे पोरगा निम्मा बरोबर. निम्मे गुण देऊ का? पाचाचे अडीच?

ताळेबंद

नाही द्यायचे. फॉर्म हो-नाहीचा असेल तर अडीच नावाची चीजच नाही. "वॉरंटी अचूक सांगितली का" असं विचारलंय. गिऱ्हाईक घरी जाऊन दोन वर्षं समजून बसणार आणि सव्वा वर्षानं पाण्याचा पंप बंद पडला की भांडायला येणार. उत्तर "नाही", आणि खाली रकान्यात लिहा, "विक्रेत्यानं मोटरची वॉरंटी पूर्ण कूलरची म्हणून सांगितली." या एका वाक्यावर दुकानात त्या पोराला पाच मिनिटांत शिकवता येईल. नुसत्या अडीच गुणांवरून कुणाला काय शिकवणार?

आणि बोअरच्या पाण्याचं, पावसाचं त्यानं जे सांगितलं, त्याला फॉर्ममध्ये जागा नसणार. माझ्या मते त्या अख्ख्या भेटीत सगळ्यात किमती गोष्ट तीच होती. शेऱ्यात त्याच्याच शब्दांत लिहा, गुणांत घुसवायचा मोह टाळा. माणूस हुशार वाटला की आपण त्याची वॉरंटीही बरोबर धरतो. तुमचं तेच झालंय.

आता स्वागत. किती वेळ उभे होता?

गोदाकाठ

चार-पाच मिनिटं तरी. पाय दुखले.

ताळेबंद

पाय दुखणं हे घड्याळ नव्हे. उभ्या माणसाला दोन मिनिटांची पाच वाटतात, म्हणून अंदाज तपासणीत चालत नाही. फोटोंच्या वेळा बघा. मी स्वतः काय करायचे, दारात शिरताना घरी मिस्ड कॉल द्यायचे आणि कर्मचारी बोलायला आला की "नंतर बोलते" म्हणून कट करायचे. दोन्ही वेळा फोनमध्ये राहतात आणि कुणाला संशय येत नाही. दुकानाच्या आत फोटो काढत फिरणारा काका मात्र पटकन ओळखू येतो, तेवढं जपा.

गोदाकाठ

पाटीचा फोटो रस्त्यापलीकडून काढला, ७ वाजून १२ मिनिटं २० सेकंद. पोरगा बोलायला लागला त्याच्या जराच आधी कूलरचा काढला, ७ वाजून १५ मिनिटं ५० सेकंद. मधे साडेतीन मिनिटं. रस्ता ओलांडायला अर्धं मिनिट धरा. म्हणजे आत तीन मिनिटं झाली. मर्यादा दोनची होती.

ताळेबंद

मग "दोन मिनिटांत मदतीला आले का" याचं "नाही" भक्कम आहे. पहिला प्रश्न बहुतेक ३० सेकंदांत दखल घेतली का असा असेल. त्याचे किती गुण?

गोदाकाठ

आठ. तिथं मी गार्ड धरून "हो" दिलं होतं.

लातूरकर_काउंटर

धरायलाच पाहिजे. गिऱ्हाइकाला गार्ड कोण आणि सेल्समन कोण याच्याशी काय घेणं? दुकानात शिरल्यावर कुणीतरी "या साहेब" म्हटलं ना?

ताळेबंद

मी भरलेल्या बहुतेक फॉर्मांत गार्डसाठी वेगळा प्रश्न असायचा किंवा सूचनांच्या पहिल्या पानावर "विक्री कर्मचारी" असा शब्द असायचा. गार्ड दुसऱ्या कंपनीचा असतो, त्याचं काम दार आणि बॅगा. दुकानाला बघायचंय की आपली माणसं मान वर करतात का. काका, सूचनांचं पान काढा, तिथं काय शब्द आहे त्यावर ठरेल. माझ्या मतावर नको आणि लातूरकरांच्याही नको.

गोदाकाठ

पान सापडलं. "फ्लोअरवरील कर्मचारी" असं आहे. गार्ड दारात होता, फ्लोअरवर नव्हता. लेखाच्या भाषेत शीर्षच बदललं की हो.

धडपड्या_परभणी

मग काकांच्या आठ गुणांवर पाणी. आणि ऑफरचे ५ मात्र परत मिळतील ना? ते लागू नाही टाकलं की?

ताळेबंद

परत "मिळत" नाहीत. तो प्रश्न दोन्ही बाजूंनी निघून जातो, मिळालेल्या गुणांतूनही आणि एकूण गुणांतूनही. इथं दोन प्रश्न असे आहेत. ऑफर नव्हती हे नक्की ना काका? बोर्ड नव्हता, पत्रक नव्हतं? असेल आणि पोरानं सांगितली नसेल तर ते सरळ "नाही".

गोदाकाठ

मुद्दाम बघितलं होतं. कूलरवर काहीच नव्हतं, मोबाइलवर होती. दुसरा कोणता प्रश्न?

ताळेबंद

सुट्या पैशांचा. साधारण असतोच, "उरलेले पैसे मोजून दिले का". तुम्ही यूपीआयनं दिले, उरलेले पैसे आलेच कुठून? तुम्ही "हो" दिलं असणार.

गोदाकाठ

दिलं. सहा गुण. म्हटलं पैसे बरोबरच गेले की. पण ताई, ५० ची नोट मिळाली ना परत?

ताळेबंद

ती दुरुस्ती, उरलेले पैसे नव्हेत. लागू नाही. चला, आता बेरीज तुमची तुम्हीच करा, मी बघते.

गोदाकाठ

करतो. सवयच आहे.

स्वागत : दखलीचे ८ गेले, नमस्काराचे ४ आहेत, मदतीचे ५ आणि कार्डाचे ३ आधीच गेले होते. २० पैकी ४. माहिती : गरज विचारली १०, दोन मॉडेल दाखवून फरक सांगितला १०, वॉरंटी शून्य, ऑफर बाद. २५ पैकी २०. बिलिंग : दर शून्य (तो १२ चा होता), नग आणि बेरीज ६, न मागता बिल दिलं ६, सुटे पैसे बाद. २४ पैकी १२. सौजन्य २० पैकी २०.

मिळाले ५६, एकूण ८९. म्हणजे ६२.९ टक्के. ८७ चे ६३ झाले, चोवीस गुण उडाले. माझ्या हाताखालच्या कारकुनानं असं केलं असतं तर मेमो दिला असता.

लातूरकर_काउंटर

आणि गार्ड धरला असता तर ६४ भागिले ८९, जवळपास ७२. आमच्या ७० च्या रेघेवर. "फ्लोअर" या एका शब्दानं त्या पोरांचा महिना गेला. बघा म्हणजे झालं.

ताळेबंद

लातूरकर, तुमचं दुःख मला समजतं आणि एका भेटीवर पैसे ठरवू नयेत हे मीही मीटिंगांत भांडून सांगितलंय. समजा तुमची पोरं दहातल्या आठ गिऱ्हाइकांची वेळेत दखल घेतात. चांगलंच काम आहे. तरी दहातले दोन काका असे निघणारच की ज्यांच्याकडं कुणी बघितलं नाही, आणि गुप्त ग्राहक त्या दोघांत पडला की शून्य. म्हणून स्वागताचा आकडा तीन-चार भेटी एकत्र ठेवूनच वाचावा.

पण लेबलचं तसं नाही. फळीवर चुकीचा दर लागला की तो बदलेपर्यंत त्या बोर्डाच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चुकीचाच लागतो. तिथं नशिबाचा भाग कमी. त्यामुळं एका भेटीतला बिलाचा "नाही" मी एका भेटीतल्या स्वागताच्या "नाही"पेक्षा गंभीर धरते. तुम्ही हरकत घ्यायचीच असेल तर स्वागतावर घ्या, सीसीटीव्ही दाखवा, वेळ तपासून मागा. लेबलवर घेऊ नका, फोटो आहे.

आणि धडपड्या, तुझं ते ८० ते ८५. तपासणीला बसलं की एका माणसाचे सगळे फॉर्म एकाखाली एक दिसतात. तीस दुकानं आणि सगळी ८० ते ८५? फॉर्म परत येत नाही याचा अर्थ कुणी बघितलं नाही एवढाच नसतो. कधीकधी पुढचं काम येणं बंद होतं.

धडपड्या_परभणी

फेब्रुवारीपासून काम आलेलं नाही. मला वाटलं सीझन नाही.

बीडचा_पाव्हणा

सीझन आहे लेका. कूलरचा.

कामाचं बोलतो. मला अशाच एका "एजन्सी"नं नोंदणीचे ९९९ मागितले होते. आधी पैसे भरा, मग दुकानं देतो. नाही भरले. काका, तुमच्याकडून आधी काही घेतलं का?

गोदाकाठ

नाही. बोर्डाचे पैसे उलट तेच देणार, बिल मंजूर झाल्यावर. पण आता नवीनच पेच. बिल ३९९ चं आणि मला खरे लागले ३४९. मागू किती?

ताळेबंद

३४९, आणि ५० रोख परत मिळाल्याचं लिहून. नाहीतर पुढच्या वेळी तुमच्यावरच शेरा येईल.

शेरा सहा प्रश्नांचा होता ना? दखल, वॉरंटी, ऑफर, दर, सुटे पैसे. पाचच झाले. सहावा सौजन्यात असावा असं मला वाटतं. निरोपाचा प्रश्न नेमका कसा आहे?

गोदाकाठ

"धन्यवाद देऊन निरोप दिला का." ४ गुण. ती "या काका परत" म्हणाली. मी हो दिलं.

ताळेबंद

हाच तो. "धन्यवाद" शब्द आला नाही.

लातूरकर_काउंटर

अहो ताई! आपल्याकडं "या" म्हटल्यावर आणखी काय राहिलं? आमच्या आईनं उभ्या जन्मात कुणाला धन्यवाद म्हटलं नाही, पण हातात पाण्याचा तांब्या दिल्याशिवाय कुणाला दारातून सोडलं नाही. फॉर्म लिहिणारा कुठल्या तरी एसी ऑफिसात बसलेला.

सुनंदा_जालना

लातूरकर भाऊंचं बरोबर आहे. "थँक्यू मॅम" म्हणून तोंड फिरवणाऱ्यांपेक्षा "या ताई" बरं. (१९१५ ला फोन लागला, तक्रार नोंदवली.)

ताळेबंद

मनानं मी तुमच्याच बाजूची. पण प्रश्नात शब्द लिहिलाय, आणि मी एका दुकानाला "या" चालवून घेतलं तर दुसऱ्या गावच्या दुकानालाही चालवून घ्यावं लागेल, आणि तिथला गुप्त ग्राहक कदाचित चालवून घेणार नाही. मग दोन दुकानांचे आकडे शेजारी ठेवून उपयोग काय? तरी माझी एक सहकारी नेहमी म्हणायची की प्रश्नाचा हेतू बघ, शब्द नको. आमचं यावर कधी एकमत झालं नाही. "नाही" दिलं तर काकांचे ५२ होतात, ५८.४ टक्के. "हो" दिलं तर ६२.९. एजन्सीच्या समन्वयकाला विचारा, आणि काही झालं तरी तिचं वाक्य जसंच्या तसं शेऱ्यात लिहा.

गोदाकाठ

समन्वयकाला मेल केला. तीन दिवसांनी उत्तर आलं : "कृपया आपल्या निरीक्षणानुसार भरावे."

पाच प्रश्न बदलले. निरोपाला "हो" ठेवलं आणि खाली लिहिलं, "काउंटरवरील कर्मचाऱ्याने 'या काका परत' असे म्हटले." ५० च्या नोटेचंही लिहिलं, नवीन बिल केलं नाही हेही. त्या पोरीच्या पगारातून कापू नका असं लिहायचं होतं, पण त्याला रकाना नव्हता.

फॉर्म अजून परत आलेला नाही. काल त्याच रस्त्यानं जात होतो, बाहेरूनच डोकावलं. बोर्डाच्या फळीवर ३९९ चं नवीन लेबल लागलंय.

सुनंदा_जालना

काका, तो हनीकोंबचा कूलर कितीला होता? आमच्याकडं बोअरचंच पाणी आहे.